तान्ह्या पोळ्याच्या पोट्ट्याले, घरून

अवो चिऊचे बाबा,

वाढदिवसाच्या लय लय शुभेच्छा! बैतूलच्या पोरीनं हिंदीत चार ओळी लिहून पाठवल्या असत्या तरी तुमी खुश झाले असते, मले माहीत हाय. पन आज तुमच्या घरच्या बोलीतच लिहून रायली. बगीच्यात गेलेच हा, त धुऱ्यावर बसा, खिशातून चष्मा काढा आनि पूर्न वाचजा. नुसता अंगठा दाबून पाठवू नका.

आज तान्हा पोळा, म्हंजे तुमचा खरा वाढदिवस. कागदावरचा १ जुलै कवाचा होऊन गेला. शाळेत नाव टाकतानी गुरुजींनं अर्ध्या गावाले एकच तारीख लिहून देल्ली, त्यात तुमी बी आले. आई मात्र तारखेले मानतच नाई. तिचं म्हननं, पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात बोजारा मांगत उभे होते, आनि तेवढ्यात आतून तुमी असा सूर काढला का बाहेरचे पोट्टे बैल टाकून पयाले. मामाजीनं मंग साऱ्याईले वापस बोलावून दुप्पट बोजारा देल्ला. तो आवाज अजून तसाच हाय. फोनवर तुमी वरुडच्या मानसासंगं बोलता तवा त्याले फोन न लावताच आयकू जात असंन.

आनि १ जुलैले बँकेतून फुग्याचा मेसेज आला, तो तुमी पारावर बसून साऱ्याईले वाचून दाखवला. वरून त्याले 'धन्यवाद साहेब, घरी या चाहा प्याले' असं उत्तर बी पाठवलं. दोनदा वाढदिवस, दोनदा गोड. बसले खात. वय मात्र दोन्हीतलं जे कमी भरते तेच सांगता. असो, तिथीनं आज ४४ पूर्न झाले, आनि मी मोजून ठेवले हायेत.

कालच्या पोळ्याचं मले बोलाचंच हाय. परवाच्या रात्री तुमी ढवळ्या आनि चांद्याच्या खांद्याले हळद-लोनी चोळत होते, मी कंदील नाई, मोबाईलचा उजेड धरून उभी होती. तुमी ढवळ्याच्या कानाशी वाकले आनि एवढ्या हळू, एवढ्या मायेनं म्हनलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' मले वाटलं, वा रे वा! एवढ्या आदरानं मले कोनी जेवाले बोलावलं असतं त मी वाट पाहून उपाशी रायली असती. मले त रोजचं एकच आवतन, 'वाढ वो, लय भूक लागली.'

मंग काल सकाळपासून सुरू. नाल्यावर अंघोळ, माह्या कोनाड्यातल्या शाम्पूच्या साऱ्या पुड्या ढवळ्याच्या अंगावर. चिऊच्या कैचीनं तुमी बेगड कापलं. शिंगाले रंग देतानी तुमची जीभ दाताच्या मंधात, डोये बारीक, आनि ब्रशाचं टोक धरलं असं का जसं सोनाराच्या दुकानात बसले हा. घुंगरमाळ, गोंडे, झूल, कशाची कमी नाई. तवा मी म्हनलं, आता तुमी बी सदरा बदलवा, तिसरं बटन नाई त्याले. त तुमी म्हंता, 'मले कोन पाह्यते? लोकं बैल पाह्याले येतेत.'

आता खरं सांगू का? तोरनाखाली सारं गाव जोड्या पाहून रायलं होतं आनि मी ओट्यावरून तुमालेच पाहून रायली होती. बटन नसलं तरी.

बैलाचं झालं, आता झाडाचं. यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ चालू झाल्यापासून तुमी ओळीओळीनं फिरता. खाली पडलेला हिरवा संत्रा उचलता, हातात फिरवता, देठापाशी अंगठा दाबून पाह्यता, नाकाले लावता. मंग वर झाडाकडे पाहून इचारता, 'काऊन बाप्पा? काय झालं तुले?' झाड काई बोलत नाई. पन तुमी थांबता, ते सांगनच अशा हिशोबानं. मी डबा घेऊन आली तवा मांगून पाह्यलं, म्हून लिहून रायली. पुढच्या झाडाकडे जाच्या आधी तुमी त्याच्या बुंध्याले हात लावला, आपन दवाखान्यात कोनाले भेटाले जातो आनि निघतानी पायाले हात लावतो ना, तसा.

आनि तो संत्रा मंग खिशात! धुवाले घेतलं का तुमच्या खिशातून काय काय निघते, त्याचं एखांदं दुकान होईन: ठिबकचं टोपन, मोटरचा नट, सुतळीचा तुकडा, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी, आनि हिरवे संत्रे. चिऊले वाटते बाबा तिच्यासाठी गोट्या आनते. तिनं खिडकीत ओळ लावून ठेवली हाय. मले मात्र तुमच्या खिशावरून बगीच्याचा हाल समजते. एक-दोन निघाले त दिवस बरा गेला. खिसा फुगलेला असला त त्या दिवशी मी काई इचारत नाई, भाकरीसंगं मिर्चीचा ठेचा करते आनि तुमच्या ताटात तेल जरा जास्त टाकते. तुमी बी काई सांगत नाई, फक्त म्हंता, 'ठेचा भारी झाला आज.' तुमाले वाटते मले समजत नाई.

व्यापाऱ्याचं त इचारूच नका. बगीचा पाहाले आला, भाव पाडून मांगत होता, आनि तुमी त्याले आधी चाहा, मंग पोहे, मंग जेवन, आनि शेवटी सौदा झालाच नाई तरी फटफटीवर बसवून एसटीच्या थांब्यालोक सोडून आले. वरून त्याच्या घरच्याईची तब्येत इचारून आले. मी रागावली होती त्या दिवशी, आठवते ना? पन रात्री पडल्या पडल्या हसू बी आलं. भावासाठी तुमी अडून रायले, ते चांगलंच केलं. आनि पाहुना उपाशी गेला नाई, ते बी चांगलंच.

तुमच्या 'आलोच' बद्दल थोडकंच लिहिते, नाईतर सांज होईन. तुमचं 'आलोच' म्हंजे मी भाजी फोडनीले टाकत नाई, तवा वांगे तोडाले जाते. आनि पावसाचा अंदाज मोबाईलवर तीन ठिकानी पाहून झाल्यावर शेवटी मामाजीलेच इचारता, 'बाबा, गुडघा काय म्हंते?' गुडघा बरोबर निघते, हे बी मान्य हाय.

एक गोष्ट मात्र तुमी कवाच कबूल करत नाई, ते आज मीच सांगते. माह्या नव्या नव्या लग्नातला तो पयला मे. बैतूलकडे रातच्याले जरा गार लागते, आनि इथं भिंतीले हात लावला त चटका. तुमी कूलरमंधी नवीन वाळा भरला, तोंड माह्याकडे केलं आनि खाट घेऊन गच्चीवर गेले. म्हने, 'मले कूलरच्या आवाजानं झोप लागत नाई.' अवो, जो मानूस मळनीयंत्राच्या बाजूले तुरीच्या कुटारावर घोरते, त्याले कूलरचा आवाज लागते? मी तवाच समजली. बोलली नाई, कारन तुमाले ते झाकाचं होतं. आज बोलली.

तुमचं असंच हाय. झाडाले पानी, बैलाले पेंड, पाहुन्याले चाहा, मले कूलर, चिऊले गोट्या, आनि स्वतःसाठी म्हनलं त बिनबटनाचा सदरा. म्हून आजचा दिवस मी ठरवते, तुमी आयका.

पलंगावर आकाशी रंगाचा नवा सदरा ठेवला हाय. साऱ्या बटना मी वढून पाह्यल्या, वरून दुसऱ्यांदा टाचल्या. तो घालून गोठ्यात जाचं नाई. ढवळ्याले प्रेम आलं त उद्या येऊ द्या. काल पुरन बैलाईले होतं, आज तुमाले हाय. संगं पाटोडीचा रस्सा, तुमाले पाह्यजे तसा, वर लाल तर्री येईलोक. आईनं सकाळीच तुमच्यावरून मीठ-मोहरी उतरवून ठेवली, तुमी झोपले होते.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी तान्हा पोळा भरनार हाय. चिऊनं तिच्या लाकडाच्या बैलाले संत्र्याच्या पानाचं तोरन बांधलं. तिचा बैल तुमी धराचा, पन त्याचं चाक ठीक करत बसाचं नाई. मांगच्या साली मिरवनूक निघून गेली आनि बाप पक्कड शोधत होता. भोसल्याच्या राजानं नागपुरात तान्हा पोळा सुरू केला तो लेकराईसाठी, असं म्हंतात. पन बोजारा वाटतानी तुमचं तोंड पाह्यलं का वाटते, तुमच्यासाठीच केला.

तिथं सारे झडत्या म्हननार. तुमच्यासाठी मी बी एक जुळवली. आईले म्हनून दाखवली, ते हसता हसता खाटेवर पडली. आता तुमी आयका, मोठ्यानं वाचजा, बगीच्याले बी आयकू जाऊ द्या:

पाऊस आला धावून, धुरा गेला वाहून,
चिऊचा बाप बगीच्यात, चाहा गेला निवून!
निवला चाहा तापवला, पुन्हा पुन्हा गाळला,
'आलोच' म्हनून गेला धनी, सूर्य डोंगरी ढळला!
शिंगाले हाय बेगड, झूल कशी जड,
मालकाचं बटन गेलं, चाल तरी फक्कड!
गावाले वाटते संत्रा गोड, घराले आनते डागी फोड,
फोड खाऊन म्हंते बायको, अशा मानसाले कुठं तोड!
असा धनी भेटला, माह्यं नशीब थोर,
सात जन्म बांधून ठेवीन, घेऊन रेशमी दोर!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

आता उठा. मोबाईल खिशात टाका, संत्रा असंन त तो बी टाका, चिऊ वाट पाहून रायली. एक वाजता पानं वाढते. आज डबा येनार नाई आनि 'आलोच' चालनार नाई.

तुमचीच,
चिऊची माय