विषय: बिल क्र. 418 (12 जानेवारी) – 55,520 रुपये बाकी, नम्र स्मरण

नमस्कार शिंदे साहेब,

मोशीच्या प्रदर्शनासाठी आपण आमच्याकडून 2,000 कॅटलॉग छापून घेतलेत. त्याच्या बिलाची मुदत 11 फेब्रुवारीला संपली. 13 तारखेला आमच्याकडून एक मेल गेला होता, पण त्यावर उत्तर आलेलं दिसत नाही. प्रदर्शनानंतरची आवराआवर, त्यात मार्चअखेर जवळ आलेली. एखादं बिल फायलीत खाली राहून जाणं आम्ही समजू शकतो. म्हणून ही आठवण.

हिशेब असा: 32 पानी कॅटलॉग, 2,000 प्रती, दर 32 रुपये, म्हणजे 64,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 11,520 रुपये, एकूण 75,520. ऑर्डर देताना आपण 20,000 रुपये अॅडव्हान्स दिला होता, तो वजा जाता 55,520 रुपये येणं आहे. आपण टीडीएस कापत असाल तर तो जीएसटी सोडून 64,000 वर धरावा. एक टक्क्याने 640 रुपये होतात, तेव्हा 54,880 जमा झाले तरी आमच्याकडून बिल पूर्ण भरलं असंच धरू. बिल आणि आपल्या भोसरीच्या गोडाऊनमध्ये माल उतरवल्याचं सही-शिक्क्याचं चलन पुन्हा सोबत जोडलं आहे. मूळ कागद शोधत बसायला नको.

पैसे एनईएफटीने किंवा बिलावरच्या क्यूआर कोडवरून यूपीआयने पाठवता येतील. खात्याचा तपशील बिलाच्या तळाशी छापला आहे आणि तो अॅडव्हान्सच्या वेळी होता तोच आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण "आमचं खातं बदललं, आता या नंबरवर भरा" असे खोटे मेल हल्ली व्यापाऱ्यांच्या नावाने फिरतात. तसं काही आमच्या नावाने आलं तर एक पैसाही भरू नका, आधी बिलावरच्या नंबरवर फोन करा. पैसे भरल्यावर यूटीआर नंबर याच मेलला उत्तर म्हणून पाठवलात की पावती त्याच दिवशी येईल.

रक्कम कशात अडकली असेल तर मोकळेपणाने सांगा. बिलावर पीओ नंबर हवा असेल किंवा जीएसटी नंबरात चूक असेल, तर बिल दुरुस्त करून देऊ. काही प्रतींची पिन सैल निघाली असेल किंवा पानं मागेपुढे लागली असतील, तर त्या बाजूला काढून ठेवा, आमचा माणूस येऊन बदलून देईल. आणि नुसती सोय होत नसेल तर "अमुक तारखेला भरतो" एवढी एक ओळ पुरे. दोन हप्त्यांतही चालेल, फक्त तारखा कळवाव्यात.

एक गोष्ट आपल्या सीएंनीही सांगितली असेल. आमची फर्म उद्यममध्ये सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेली आहे. अशा पुरवठादाराचं मुदत टळलेलं बिल 31 मार्चच्या आत भरलं, तर तो खर्च आयकरात याच वर्षी धरता येतो. नंतर भरलं तर ज्या वर्षी भरलं त्या वर्षात जातो. उशिराचं व्याज आम्ही लावलेलं नाही. जुन्या गिऱ्हाइकाशी तसं वागणं आमच्या मालकांना पटत नाही.

हा मेल आमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममधून ठरलेल्या दिवशी आपोआप निघतो. त्यामुळे गेल्या दोन दिवसांत आपण पैसे भरले असतील आणि तरीही हा हाती पडला असेल, तर राग मानू नये. बँकेतली नोंद आमच्याकडे चढायला एखादा दिवस लागतो. उत्तरं मात्र मीच वाचते. आपलं उत्तर आलं किंवा रक्कम जमा झाली की पुढची स्मरणपत्रं थांबवते. काहीच कळलं नाही तर सोमवार, 9 मार्चला आणखी एक मेल येईल आणि त्यानंतर मालक स्वतः फोन करतील. तिथपर्यंत वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

फोन सकाळी 10 ते संध्याकाळी 6 पर्यंत केव्हाही करा. छापखाना नारायण पेठेत असला तरी दुपारी एक ते चार आम्ही फोन उचलतो.

कळावे,
मेधा
हिशेब विभाग
23 फेब्रुवारी 2026

सोबत: बिल क्र. 418 व माल पोहोचल्याचं चलन (पीडीएफ)