विषय: थीसिसच्या डेटासाठी सर्व्हरवर जास्त जागा मिळण्याबद्दल

नमस्कार सर,

मी पर्यावरणशास्त्र विभागात पीएचडी करतेय, मुळा-मुठेत जलपर्णी कुठे नि कधी पसरते ते सेंटिनेल-२ च्या सॅटेलाइट इमेजेसवरून बघतेय. माझा १०० जीबीचा कोटा भरत आलाय. एकेक सीन साधारण ७००-८०० एमबीचा, दर ५ दिवसांनी नवा येतो, त्यामुळे पावसाळ्यातले ढगाळ सीन काढले तरी ५ वर्षांचे दीड-दोनशे जीबी होतातच, वर प्रोसेस केलेल्या फाइल्स वेगळ्या. म्हणून ५०० जीबी मिळावेत ही विनंती. इमेजेस परत डाउनलोड करता येतील हो, पण नदीकाठचे फोटो आणि जीपीएस रीडिंग्ज परत मिळणार नाहीत, त्यांचा बॅकअप तुमच्याकडे रोज झाला तर फार बरं होईल. गाईड मॅडमच्या सहीचा फॉर्म सोबत जोडलाय. थीसिस जमा झाला की जास्तीची जागा रिकामी करून देईन.

आपली,
पीएचडी विद्यार्थिनी, पर्यावरणशास्त्र विभाग, पुणे