तेलाचं पाणी

शनिवार, ११ जानेवारी. रात्र.

तलवारीचं पातं तडकलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं सुचेल.

सहा दिवस ठोकत होते. ट्रकच्या कमानीचा पाटा, त्यातून ३० इंच लांबीचं पातं. ओढून लांब करताना दंडाला गोळे आले, टोक काढताना दोनदा वाकडं गेलं, पण काल संध्याकाळी ऐरणीवर डोळा लावून बघितलं तर सरळ रेघ. माझं पहिलं. शिवजयंतीला आखाड्यातली पोरं मर्दानी खेळात फिरवणार, म्हणून धार लावायची नव्हती, कड २ मिलिमीटर ठेव, असं मामानं चारदा सांगितलं होतं. मी कानस चालवत राहिले आणि कड १ पेक्षाही कमी झाली. छान दिसत होती, दुसरं कारण नाही.

आज मामा कोळसा आणायला कोल्हापूरला. म्हणाला, पाणी द्यायचं आपण सोमवारी बघू. मला कुठला धीर! कोयत्याला, खुरप्याला पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना, लहानपणापासून बघतेय. भट्टी पेटवली, ब्लोअर लावला, तारेला बांधलेला लोहचुंबक पात्याला लावून बघत राहिले. चुंबक धरेना, तिथून थोडं पुढे तापवलं, सांडशीत धरलं आणि हौदात सरळ उभं सोडलं.

चर्रर्र झालं, वाफ आली. मग बारीकसा 'टिंग'. बांगडी फुटल्यासारखा. मी मनातल्या मनात म्हटलं, भांड्याला काहीतरी लागलं असेल. तेवढ्यात अजून दोन.

बाहेर काढून पुसलं तर कडेवर केसासारख्या बारीक चिरा, तीन केस. आडवे, कडेपासून पाठीकडे चढलेले.

मामा चारला आला. ओरडला नाही, तेच वाईट. पातं नखानं वाजवलं, फुटक्या मडक्यागत बद्द आवाज. मग म्हणाला, "पाण्यात घातलंस?"

"तूच म्हणालास की पाणी द्यायचं."

"अगं, तेलाचं पाणी!"

आमच्यात तेलात बुडवलं तरी त्याला पाणी देणंच म्हणतात. मी हसले, मग रडले.

मामानं पातं शिकंजात धरून केसाच्या जागी मोडलं. काडकन. "बघ, केसाच्या आत काळं आहे का? काळं असतं तर चीर ठोकतानाच पडली होती, भट्टीत आत खपली धरली असती. हे स्वच्छ आहे. म्हणजे पाण्यातच गेलं." तुटलेल्या जागी पोत राखाडी, मऊ, मखमलीसारखा होता, म्हणजे तापवणं बरोबर. टोकाकडे मात्र साखरेसारखे कण चमकत होते. तिथं ब्लोअर जास्त लागला, दाणा वाढला. केसांची सुरुवात कुठून झाली तेही दाखवलं: माझ्या कानशीचे आडवे ओरखडे. तिन्ही केस बरोब्बर ओरखड्यावरूनच निघालेले. लांबीच्या दिशेनं घासून ते काढायचे असतात, हे मला माहीत होतं. आळस.

पण खरं कोडं दुसरंच होतं. मला वाटायचं गार होताना लोखंड आक्रसतं, म्हणून तडकतं. मामा म्हणाला, आक्रसतंच, पण पोलाद कडक होताना उलट फुगतं. पातळ कड पाण्यात पहिल्यांदा गार होते, कडक होते, काचेसारखी. पाठ जाड, ६ मिलिमीटर, आत अजून गरम. मागून तीही कडक व्हायला लागते, म्हणजे फुगायला लागते, आणि कडेला म्हणते, तूही ताण. आधीच काच झालेली कड ताणणार कशी? टिंग. कमानीचं पोलाद तेलात हळू गार झालं तरी कडक होतं, त्याला पाण्याची घाई लागतच नाही. म्हणून तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यायचं. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही.

मग कोयता पाण्यात कसा तगतो? "कोयत्याची नुसती कड बुडवतो आपण, पाठ कुठं बुडवतो? आणि तुझ्या तलवारीइतका लांबलचक जीव त्याला असतो का?" त्याचं पोलादही बहुतेक वेळा वेगळं असतं.

तेलातून काढल्यावरही लगेच भट्टीच्या तोंडाशी नरम करायला ठेवायचं, रात्रभर तसंच सोडायचं नाही. कडक पातं घरी बसल्या जागीसुद्धा तडकतं, म्हणे. एकदा पहाटे तीनला त्याला आवाजानं जाग आली होती.

मोडलेल्या तुकड्यांतून मामानं दोन विळे होतील असं सांगितलं, टोकाकडचा भंगारात. दुसरा पाटा निवडून ठेवलाय. कड २ मिलिमीटर, आणि ओरखडे घासायला मी उद्याच बसणार. आईला अजून काही बोलले नाही, हातावरचा फोड बघून तिनं ओळखलंच असेल.