कोपरा लोंबता ठेवा
(सोसायटीसाठी ॲनिमेशनची संहिता, ९० सेकंद)

ॲनिमेटरसाठी: रेषा साध्या, घर फिकट करड्या रंगात. गडद रंग फक्त डब्यांना. डब्यांना डोळे-हातपाय नकोत. मुलं हसतील, पण कोणता डबा कशाचा ते कुणाच्या लक्षात राहणार नाही. लिफ्टमधल्या स्क्रीनला आवाज नाही, म्हणून सगळे संवाद पडद्यावरही उमटवा.

दृश्य १ (०–१५ सेकंद)
सकाळ, स्वयंपाकघर. आजी दुधाच्या पिशवीचा कोपरा कातरते. तुकडा टुणकन उडून भाजीच्या देठांत पडतो.
नात: अगं आजी, पूर्ण कापू नकोस! नुसती चीर दे.
आजी: एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?
देठांसोबत तुकडा सोसायटीच्या खतपेटीत. कॅलेंडरची पानं फडफडतात. माळीकाका खत चाळतात. चाळणीत तोच तुकडा, चकचकीत.

दृश्य २ (१५–५० सेकंद)
तीन डबे एकेक करून येतात.
निवेदन: हिरवा, ओल्यासाठी. साली, देठ, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न. तळाला वर्तमानपत्र घाला, प्लास्टिकची पिशवी नको.
निळा, सुक्यासाठी. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे. दुधाची पिशवीसुद्धा यातच, पण विसळून, वाळवून.
नात पिशवी उलटी करून दोरीला चिमटा लावते. थेंब टपटपतात. (हा शॉट पुरे चार सेकंद. बहुतेक घरांत नेमकं हेच राहतं.)
निवेदन: लाल, डायपर आणि सॅनिटरी पॅडसाठी. कागदात गुंडाळा, वर लाल पेनानं ठिपका द्या. ब्लेड, फुटका बल्ब, जुन्या गोळ्या या तीनपैकी कुठल्याच डब्यात टाकू नका. हे सगळं गेटजवळच्या काळ्या पेटीत.

दृश्य ३ (५०–६५ सेकंद)
फक्त कचरा नेणाऱ्या ताईंचे हात. एका गाठ मारलेल्या पिशवीत हात जातो, आत ब्लेडचं पातं चमकतं. चित्र थिजतं. रक्त दाखवू नका, गरज नाही.
तेच हात आता ठिपक्याचं पुडकं उचलतात.
ताई: ठिपका दिसला की उघडून बघावं लागत नाही.

दृश्य ४ (६५–८२ सेकंद)
भिंतीवरचं घड्याळ.
निवेदन: रात्री ओटा पुसला की वाळलेल्या पिशव्या निळ्यात. सकाळी आठच्या आत हिरवा आणि लाल दाराबाहेर. निळा फक्त बुधवारी आणि शनिवारी. हिरवा रिकामा झाला की विसळून उपडा घाला.
(बुधवार-शनिवार ठळक लिहा, नाहीतर सोमवारीच जिन्यात पुठ्ठ्यांचा ढीग लागेल.)

दृश्य ५ (८२–९० सेकंद)
दुसरी सकाळ. आजी चष्मा नाकावर सरकवून पिशवीला चीर देते. दूध पातेल्यात.
आजी: बघ गं, लोंबतोय कोपरा!
नात चिमटा पुढे करते.