टॅबवर होमवर्क करताना डोळ्यांचं काय
ए मागच्या बाकावरचे, आवाज येतोय ना? सातवी ब, टॅब आत्ता बंद, दोनच मिनिटं घेते.

टॅब मांडीवर ठेवून मान खाली घालून बसू नका, टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा करा आणि निदान हातभर लांब ठेवा, म्हणजे साधारण 40-50 सेंमी. अक्षरं बारीक दिसली तर फॉन्ट मोठा करायचा, नाक पुढे न्यायचं नाही!

ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाएवढा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी डोळ्यांवर येत असेल तर कमी करा, राखाडी दिसत असेल तर वाढवा. आणि रात्री लाइट घालवून पांघरुणात टॅब, हे कोण कोण करतं ते मला तोंडं बघूनच कळतंय. खिडकीकडे पाठ केली तर काचेवर चमक येते, म्हणून खिडकी बाजूला हवी.

आता ब्रेक. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फूट लांब बघायचं, कोथरूडकरांनो, गॅलरीतून टेकडी दिसत असेल तर उत्तमच, नाहीतर समोरच्या बिल्डिंगची टाकी चालेल. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानेच डोळे कोरडे होतात, चुरचुरतात, तेव्हा मुद्दाम मिटा. ब्रेकमध्ये मोबाइल बघितला तर तो ब्रेक नाही हं. आणि फळा धूसर दिसतोय किंवा डोकं सारखं दुखतंय, तर घरी लगेच सांगा.

चला, कोणाला काही विचारायचंय?