विषय : स्मरणिकेच्या बिलातील सवलतीबाबत, आणि छपाईचा खर्च कमी करण्याचा एक मार्ग

नमस्कार सर,

काल रात्री आपली मेल वाचली. लगेच उत्तर लिहिलं असतं तर घाईत काहीतरी कमीजास्त लिहून गेले असते, म्हणून सकाळी लिहिते आहे.

समितीच्या बैठकीत छपाईचा अंदाज अपेक्षेपेक्षा बराच वर गेला आणि म्हणून मांडणीच्या बिलात १५ टक्के सवलत मागायची ठरली, असं आपण कळवलंत. सर, ही सवलत मला देता येणार नाही. आधी हे स्पष्ट सांगते, म्हणजे समितीला वाट पाहायला नको. पण खर्चाची अडचण खरी आहे, हेही मला कळतं. तिच्यावर एक उपाय सुचवला आहे, तो कृपया शेवटपर्यंत वाचावा.

त्याआधी आपल्या मेलमधल्या तक्रारीबद्दल. पान ६१ आणि पान १४२ वरच्या छायाचित्रांच्या ओळींची अदलाबदल झाली आहे, हे खरं आहे. चूक माझी आहे. पाचव्या प्रुफात फोटो हलवले, ओळी जागच्या जागी राहिल्या आणि माझ्या नजरेतून ते सुटलं. दोन्ही पानं दुरुस्त करून या मेलसोबत पाठवली आहेत. अशी आणखी चूक छापायला जाण्यापूर्वी सापडली, तर तीही विनामूल्य दुरुस्त करेन. ती माझी जबाबदारीच आहे, उपकार नव्हे.

आता सवलतीचं. दरपत्रक मंजूर करताना आपण सांगितलं असतं की एवढ्यातच बसवायचं आहे, तर आपण मिळून काम कमी केलं असतं. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीचं रेखाचित्र वगळलं असतं, नामसूची केली नसती, प्रुफं दोनच काढली असती. आता काम पूर्ण होऊन आपल्याकडे पोहोचलं आहे. त्यातलं काहीच कमी करता येत नाही, कमी होतो तो फक्त मोबदला. मुद्रितशोधकांचे आणि चित्रकाराचे पैसे मी चुकते केले आहेत, त्यामुळे ही १५ टक्के रक्कम पूर्णपणे माझ्या श्रमांतून जाईल.

श्रमांचा उल्लेख केलाच आहे तर एक गोष्ट सांगते, कारण ती समितीला दिसली नसेल. आपल्याकडून आलेल्या ३१ लेखांपैकी १९ लेख जुन्या फॉन्टमध्ये होते. ते युनिकोडमध्ये आणताना अर्ध्या र ची वाट लागते. आपल्या संस्थापकांवरच्या लेखात ‘आचार्यांना वंदन’ या मथळ्याचं ‘आचाऱ्यांना वंदन’ झालं होतं, आणि प्रवासवर्णनातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या होत्या. दोन्ही शब्द बरोबर असल्याने शुद्धलेखन तपासणीत ते पकडले जात नाहीत, डोळ्यांनीच शोधावे लागतात. २२८ पानं आम्ही दोघांनी अशी ओळीवर बोट ठेवून वाचली. दरपत्रकात तीन प्रुफं धरली होती, प्रत्यक्षात पाच झाली. वरच्या दोन प्रुफांचं बिल मी लावलं नाही आणि आताही लावणार नाही. ठरलेल्या रकमेत जेवढी सवड होती तेवढी आधीच वापरून झाली आहे, एवढंच सांगायचं आहे.

आता उपाय. आपण छापखान्याचं अंदाजपत्रक जोडलंत, ते बरं झालं. माझ्या बिलातले १५ टक्के वाचवण्यापेक्षा खरा पैसा तिथे वाचू शकतो.

पुस्तक १६ पानी फॉर्ममध्ये छापलं जाणार आहे. आपली पानं आहेत २२८. म्हणजे १४ पूर्ण फॉर्म आणि वर फक्त ४ पानं. त्या ४ पानांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी छपाई आणि बांधणीत एक जास्तीचा तुकडा. दोन कोरी पानं आणि पान २०९ पासूनची दोन पानांची जुनी पत्रिका (ती लेखातही आलीच आहे) काढली, तर २२४ पानांत, म्हणजे नेमक्या १४ फॉर्ममध्ये पुस्तक बसतं.

दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. रंगीत फोटो फक्त २७ पानांवर आहेत, पण ते ११ फॉर्ममध्ये विखुरले आहेत. फॉर्मच्या दोन्ही बाजूंना एकेक जरी रंगीत पान असलं, तरी तो अख्खा फॉर्म चार रंगांत जातो. रंगीत फॉर्मला दोन्ही बाजू मिळून ८ प्लेटा लागतात, एकरंगी फॉर्मला २. त्यामुळे आजच्या मांडणीत १४ फॉर्मच्या ९४ प्लेटा होतात. सगळे रंगीत फोटो एकत्र करून दोन फॉर्ममध्ये, म्हणजे ३२ पानांत घेतले, तर त्याच १४ फॉर्मच्या ४० प्लेटा होतील. चार रंगांची छपाईही ११ ऐवजी दोनच फॉर्मची. फोटोंपुरता गुळगुळीत आर्ट पेपर घेतलात तर ते आतापेक्षा खुलतीलही.

यात तोटाही आहे. फोटो त्या त्या लेखाशेजारी राहणार नाहीत. लेखात ‘छायाचित्र क्रमांक अमुक पाहा’ अशी ओळ द्यावी लागेल, आणि ज्या लेखकांना आपला फोटो आपल्याच लेखात हवा आहे त्यांची समजूत समितीला घालावी लागेल. ते काम अर्थात माझ्याने होणार नाही!

ही फेरमांडणी मी वेगळा मोबदला न घेता करून देईन. पानं सरकणार म्हणून अनुक्रमणिका आणि नामसूचीतले सगळे आकडे बदलतील, कागद बदलला तर कण्याची जाडी बदलून मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा करावी लागेल. हे सगळं त्यात धरलं आहे. प्रूफ मात्र एकच असेल, आणि त्यात मजकुराचे नवे बदल घेता येणार नाहीत. मला चार दिवस लागतील. समितीने निर्णय घेण्यापूर्वी छापखान्याकडून नव्या रचनेचं अंदाजपत्रक अवश्य मागवावं. हवं तर फॉर्मनिहाय पानांचा तक्ता आजच पाठवते, तो त्यांना दाखवला की त्यांना नेमकं कळेल.

पैशांच्या ओढीसाठी आणखी एक करता येईल. बिलाचे उरलेले ४० टक्के एकदम नकोत. निम्मे या आठवड्यात आणि निम्मे प्रकाशनानंतर सहा आठवड्यांच्या आत दिलेत तरी चालेल. फेरमांडणी नको असली तरी ही सोय राहीलच.

फाइल सोमवारी छापखान्यात द्यायची आहे. त्यामुळे फेरमांडणी हवी असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत होकार यावा, म्हणजे गुरुवारी सकाळी सुरुवात करून रविवारी रात्री फाइल देता येईल. बुधवारपर्यंत काही कळलं नाही, तर सध्याचीच फाइल, दुरुस्त केलेल्या दोन पानांसह, अंतिम समजेन.

समितीला प्लेटांचा हिशेब समजावून सांगायचा असेल तर बैठकीच्या वेळी फोन करा, दहा मिनिटांत सांगते.

कळावे.

सोबत : पान ६१ व १४२, दुरुस्त प्रत