कालियाच्या फण्यांवरचा लाल ठसा: एका परिच्छेदाचं पुनर्लेखन

बाय,

तुझ्या प्रकल्पातला कालियामर्दनाचा परिच्छेद पुन्हा लिहून पाठवते आहे. पेडणे तालुक्यातल्या त्या देवळात तू काढलेले फोटो आणि तुझी टिपणवही समोर ठेवून लिहिलं. भिंतीबद्दलचं एकही निरीक्षण माझ्या पदरचं नाही. वहीत होतं पण परिच्छेदात पोचलं नव्हतं, तेवढंच वर आणलं. आधी तुझा मजकूर देते, म्हणजे शेजारी ठेवून वाचता येईल.

*सभामंडपाच्या उत्तरेकडील भिंतीवर कालियामर्दनाचे चित्र आहे. हे चित्र कावी शैलीतील असून त्यात लाल व पांढरा असे दोनच रंग आहेत. मध्यभागी श्रीकृष्ण कालियाच्या फण्यावर नाचत आहे. कालियाला पाच फणे आहेत. खाली यमुनेचे पाणी आहे व दोन नागपत्नी हात जोडून उभ्या आहेत. वर वेलबुट्टीची किनार आहे. कालियाच्या अंगावर खूप बारीक काम आहे. कृष्णाच्या अंगावर मात्र काम नाही. चित्र अतिशय सुंदर व सजीव वाटते. वाईटावर चांगल्याचा विजय हा या चित्राचा अर्थ आहे. कावी कला हा गोव्याचा अनमोल वारसा असून तो जपला पाहिजे.*

यातलं वर्णन खरं आहे, आणि तू भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली होतीस हे त्यातून कळतं. पण अर्थाचं वाक्य त्या वर्णनातून आलेलं नाही. 'वाईटावर चांगल्याचा विजय' हे भिंत न बघताही लिहिता आलं असतं. कुठल्याही कॅलेंडरवरच्या कालियामर्दनाला ते लागू पडतं. तुझं खरं धन सातव्या आणि आठव्या वाक्यात आहे: कालियाच्या अंगावर खूप काम, कृष्णाच्या अंगावर काम नाही. तू ते पाहिलंस, नोंदवलंस आणि लगेच 'सुंदर व सजीव' म्हणून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. शिवाय वहीत एका कोपऱ्यात लिहिलं होतंस, 'फण्यांवर लाल डाग, पुसट झालेत?' हे परिच्छेदात आलंच नव्हतं. नवा मजकूर या दोन गोष्टींवर उभा आहे. एका परिच्छेदात मावेना म्हणून तीन केले.

*काव भिंतीवर आकृती रंगाने काढत नाहीत, ती खरवडून काढतात. भिंतीवर चुन्याचा गिलावा, त्यावर कावेचा लाल थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही रीत. चुना वाळून घट्ट झाला की रेघ बदलता येत नाही. त्यामुळे या भिंतीवर जे पांढरे दिसते तिथे कारागिराचा हात फिरलेला असतो, आणि जे सलग लाल राहते तिथे त्याने हात लावलेला नसतो. उत्तरेकडील कालियामर्दनात हे दोन्ही भाग फार असमान वाटले गेले आहेत. कालियाचे अंग शेपटीपासून फण्यांपर्यंत खवल्यांनी भरले आहे. प्रत्येक खवला अर्धगोल आहे आणि त्याच्या आत पुन्हा तीन रेघा आहेत. त्याच्या वेटोळ्यांमधून वाहणारे यमुनेचे पाणीही तशाच जवळजवळच्या रेघांनी काढले आहे. सभामंडपाच्या मधोमध उभे राहून पाहिले, तर नाग आणि नदी वेगळे ओळखू येत नाहीत. दोन्ही मिळून एकच थरथरता, फिकट गुलाबी पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या मधोमध कृष्ण आहे. त्याचा मुकुट, डोळे, गळ्यातली माळ आणि पीतांबराच्या चुण्या खरवडल्या आहेत. छाती, दोन्ही हात आणि उचललेला पाय मात्र बाह्यरेषेच्या आत जसाच्या तसा लाल सोडला आहे.*

*ही जागा वेळेअभावी रिकामी राहिली असे म्हणता येत नाही. ओल्या चुन्यावर घाईने काम करावे लागते हे खरे. पण त्याच भिंतीवर, त्याच हाताचे वाटावेत असे दोन द्वारपाल आहेत आणि त्यांची छाती, दंड, मांड्या दागिन्यांनी आणि फुलांच्या नक्षीने गच्च भरल्या आहेत. पहारेकऱ्यांवर ज्याने एवढे कष्ट घेतले, त्याने देवाचे अंग कोरे ठेवले ते ठरवूनच. याला साधनाची अडचणही कारण आहे. कागदावर किंवा कापडावर रंगवणारा चित्रकार कृष्णाला निळा करून नागापासून वेगळा काढू शकतो. काव भिंतीला निळा रंग नाही. इथे देव आणि नाग एकाच लाल मातीचे आणि एकाच पांढऱ्या चुन्याचे आहेत. त्यांच्यातला फरक दाखवायला कारागिराकडे रेघांची दाटी एवढेच साधन होते, आणि ते त्याने उलट्या दिशेने वापरले: भयाच्या जागी रेघांची गर्दी केली आणि देवाच्या जागी रेघ थांबवली. पाहणाऱ्याची नजर खवल्यांवरून फिरत, पाण्यावरून घसरत शेवटी त्या सलग लाल छातीवर येऊन टेकते. कृष्ण नाचतो आहे, पाय उचललेला आहे, तरी चित्रात सर्वांत स्थिर जागा तीच आहे.*

*तोच सलग लाल रंग चित्रात आणखी एका ठिकाणी आहे. कृष्ण मधल्या फण्यावर उभा आहे. बाजूच्या दोन फण्यांवर त्या क्षणी त्याचा पाय नाही. तरीही त्या दोन्ही फण्यांवर, खवल्यांच्या दाटीत, लांबट आकाराची एकेक जागा न खरवडता सोडली आहे. आकार पावलाचा आहे आणि टाच कृष्णाच्या बाजूला आहे. भागवताच्या दशम स्कंधात नागपत्नींनी विनवणी केल्यावर कृष्ण कालियाला मारत नाही. परिवारासह समुद्रातल्या रमणक द्वीपावर परत जा, असे सांगतो. ज्या गरुडाच्या भीतीने तू इथे आलास, तो तुझ्या मस्तकावरची माझी पावले पाहून तुला खाणार नाही, असे आश्वासन देतो. भिंतीवरच्या लाल जागा ही ती पावले आहेत. कारागिराने कृष्णाचे अंग ज्या न कोरलेल्या लालीने दाखवले, तीच लाली त्याने नागाच्या डोक्यावर ठेवली. म्हणून हे चित्र कालियाच्या पराभवापेक्षा त्याला मिळालेल्या अभयाचे आहे. विषारी, वळवळत्या अंगावर देवाच्या स्वस्थपणाचा एक तुकडा उमटतो आणि नागाला तो यापुढे जन्मभर वागवायचा आहे. हात जोडून उभ्या असलेल्या नागपत्नींची नजरही याला दुजोरा देते. त्या वर कृष्णाच्या तोंडाकडे पाहत नाहीत. त्यांचे डोळे नवऱ्याच्या फण्यांकडे आहेत.*

आता काही ठिकाणी मी जे केलं त्याची कारणं, म्हणजे उरलेले परिच्छेद तुला स्वतःला हाताळता येतील.

कावेची रीत तू प्रस्तावनेत दोन पानं लिहिली आहेस. तिथे ती माहिती म्हणून पडून आहे. इथे मी ती चार वाक्यांत पुन्हा घेतली, कारण 'पांढरं म्हणजे हात फिरलेला, लाल म्हणजे हात न लागलेला' हे वाचकाला कळल्याशिवाय कृष्णाची लाल छाती नुसती रिकामी वाटेल. चिरा, शिंपल्यांचा चुना, घोटून केलेली झिलई हे सगळं प्रस्तावनेतच राहू दे. अर्थाकडे नेणारी तेवढीच गोष्ट इथे हवी होती.

वेलबुट्टीची किनार गाळली. तुला ती आवडली हे फोटोंच्या संख्येवरून दिसतंच, पण या दाव्याशी तिचा संबंध मला लागला नाही. पाच फण्यांचा आकडाही गेला; कुठल्या फण्यावर पाय आहे आणि कुठल्यावर नाही, हे जास्त कामाचं होतं.

दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात मुद्दाम शंकेने केली. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हेच विचारतील: कारागिराला वेळ पुरला नसेल, तुम्ही त्यात अर्थ का शोधता? उत्तर तुझ्याच द्वारपालांच्या फोटोत होतं. तू त्यांना वेगळ्या प्रकरणात टाकलं होतंस, मी त्यांना साक्षीला बोलावलं.

कोरं अंग म्हणजे निर्गुण, असं लिहायचा मोह तुला होईल. मी ते टाळलं. ज्याला मुकुट आहे, माळ आहे, पीतांबराच्या चुण्या एकेक करून काढल्या आहेत, त्याला निर्गुण म्हणायला ही भिंत आधार देत नाही. अभय म्हणायला देते, कारण पावलं फण्यांवर आहेत आणि नागपत्नींचे डोळे तिकडे वळलेले आहेत. दावा मोठा वाटला की असं चित्राकडे परत जाऊन विचारायचं, यातलं मला काय काय दाखवता येईल?

'अनमोल वारसा' हे वाक्य समारोपात ने, आणि तिथेही त्याच्यासोबत काहीतरी ठोस दे: किती देवळांच्या भिंतींवर आता ऑइल पेंट चढला आहे, तू स्वतः पाहिलेल्यांपैकी.

त्यावरूनच सगळ्यात महत्त्वाचं. हा परिच्छेद सादर करण्याआधी तुला एकदा परत त्या देवळात जावं लागेल. कृष्णाच्या अंगावर नंतर कुणी लाल रंगाचा हात दिला असेल, तर खालची नक्षी झाकली गेली असण्याची शक्यता आहे आणि मग माझा दुसरा परिच्छेद सगळाच पडतो. सकाळी लवकर जा, दारातून तिरका उजेड येतो तेव्हा. भिंतीला हात लावू नकोस, बाजूने बघ. खरवडलेल्या रेघेला खोली असते, तिच्या काठावर बारीक सावली पडते. रंगाखाली बुजलेली रेघसुद्धा तिरक्या उजेडात थोडी उठून दिसते. छातीवर अशी सावली कुठे पडते का, ते नीट तपास. फण्यांवरच्या पावलांचंही तसंच: खवल्यांच्या रेघा पावलाच्या काठाशी थांबतात की खालून पुढे जातात? थांबत असतील तर पाऊल मूळचं. उरलेले दोन फणे तुझ्या फोटोत ट्यूबलाइटच्या पट्टीमागे गेले आहेत, त्यांचेही फोटो घे. त्यांवर पावलं असतील तर 'बाजूच्या दोन' बदलून 'बाजूच्या चारही' कर. आणि भिंत शेवटची कधी रंगवली ते देवस्थानच्या महाजनांपैकी कुणा वयस्कराला विचार. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आण, मग आपण दुसऱ्या परिच्छेदाचं काय करायचं ते ठरवू.